भूक मंदावते, तरी वजन वाढते! – दुर्बल हृदय आणि पोटाच्या तक्रारी

आळंदीसारख्या तीर्थक्षेत्री पोटाच्या तक्रारीला उपवास, पारणे आणि प्रवासातले अवेळी जेवण अशी कारणे सहज सापडतात. त्यामुळे "दोन घास खाल्ले की पोट भरते, वर गॅस धरतो" असे एखाद्या वयस्क माणसाने सांगितले, तर घरातले लोक ओवा, हिंग किंवा पित्तशामक गोळी पुढे करतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत या तक्रारीचे मूळ पोटात नसून हृदयात असते. ते कसे, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांमध्ये नेहमी जे आढळते, त्यावरून ते रचलेले आहे.

एक उदाहरण

चाकण परिसरातील कारखान्यातून निवृत्त झालेले ६४ वर्षांचे एक गृहस्थ आळंदीत राहतात. सात वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. नंतर प्रकृती बरी वाटू लागल्यावर औषधे कधी घेतली, कधी राहिली. दर पंधरवड्याची एकादशी मात्र कधी चुकली नाही. गेल्या दोन महिन्यांपासून त्यांची भूक मंदावली आहे. पूर्वी तीन भाकऱ्या खाणारा माणूस अर्ध्या भाकरीवर हात धुतो. जेवणानंतर पोट तट्ट फुगते, उजव्या बरगडीखाली जड वाटते, मळमळते. पित्ताच्या गोळ्यांनी काही फरक पडलेला नाही.

येथवर हे पोटाचे दुखणे वाटते. परंतु त्यांचे वजन पाहिले, तेव्हा ५८ किलोचे ६२ किलो झालेले आढळले. लेंग्याची नाडी घट्ट होऊ लागली होती आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलावर रुतत होता. आहार निम्म्याहून कमी झाला असताना वजन चार किलोंनी वाढावे, ही विसंगती होय. अन्नाने वजन वाढलेले नाही, हे उघड आहे. वाढले आहे ते शरीरात साठलेल्या पाण्याने.

परतीची वाट तुंबते

हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसविलेले दोन पंप आहेत. डावा पंप शुद्ध रक्त सर्व शरीराला पाठवितो. उजवा पंप शरीरातून परत आलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. झटक्याने डाव्या बाजूचा स्नायू दुर्बल झाला की रक्त प्रथम फुप्फुसात तुंबते. त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करता करता कालांतराने उजवी बाजूही थकते, आणि मग शरीराकडून येणाऱ्या रक्ताला हृदयात शिरण्यास वाव उरत नाही.

यात्रेच्या दिवशी गाभाऱ्यापाशी रांग थांबली की दर्शनबारी मागे मागे लांबत जाते. दूरवर उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय अडले ते दिसत नाही, त्याला फक्त गर्दीचा दाब जाणवतो. शरीरात असेच घडते. जठर आणि आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या नीलेतून ते आधी यकृतात शिरते, तेथून यकृताच्या नीलांवाटे मुख्य नीलेत आणि मग हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. पायांच्या नीलांमध्ये रक्त मागे फिरू न देणाऱ्या झडपा असतात. या वाटेवर मात्र परत येणारा दाब रोखून धरील अशी झडप नसते. म्हणून उजव्या कप्प्यातील दाब वाढला की तो यकृतापर्यंत आणि यकृतामागून आतड्यांपर्यंत जाऊन भिडतो.

भरीस भर म्हणजे मूत्रपिंडे. दुर्बल हृदयाकडून त्यांना पुरेसे रक्त मिळत नाही. शरीरात रक्तच कमी पडले असावे, अशा समजुतीने वागावे तशी ती मीठ व पाणी धरून ठेवतात. साधारणपणे ९ ग्रॅम मीठ अडकले की त्याबरोबर सुमारे १ लिटर पाणी अडकते. वरील गृहस्थांच्या अंगावरचे चार किलो हे अशा सुमारे ३६ ग्रॅम मिठाचे ओझे आहे.

दोन घासांत पोट का भरते?

या तुंबाऱ्याचे पोटावर होणारे परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला परिणाम यकृतावर होतो. रक्त साठून यकृत सुजते, त्याभोवतीचे पातळ आवरण ताणले जाते, आणि उजव्या बरगडीखालचा जडपणा किंवा दुखणे त्यामुळेच जाणवते. शेजारच्या जठराला पसरायला जागा कमी पडते. उदरपोकळीत पाणी साठू लागले असेल, तर ही जागा आणखी आक्रसते.

दुसरा परिणाम जठर व आतड्यांच्या भिंतींवर होतो. नीलांतील दाब वाढला की पाणी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपून भिंतीत मुरते. पावलावर दिसणारी सूज आतड्यालाही येते, एवढेच की ती बाहेरून दिसत नाही. निरोगी जठर अन्न येताच सैल होते आणि लिटरभर अन्नपाणी फारसा ताण न जाणवता सामावून घेते. सुजलेले जठर तसे सैल होत नाही. थोड्या अन्नानेच त्याची भिंत ताणली जाते आणि मेंदूला "पोट भरले" असा संदेश जातो. आतड्यांची हालचालही मंदावते. अन्न व वायू पुढे सरकण्यास वेळ लागतो, म्हणून पोट फुगते आणि शौचास साफ होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे जेवणानंतर पचनसंस्थेला एरवीपेक्षा अधिक रक्त लागते. सशक्त हृदय ते पुरविते. दुर्बल हृदयाला ही वाढीव मागणी पुरी करणे जड जाते. एकीकडे अशुद्ध रक्त निघून जात नाही आणि दुसरीकडे शुद्ध रक्त पुरेसे येत नाही, अशा कोंडीत आतडे सापडते. जेवल्यावर थकवा किंवा धाप लागते ती यामुळेच. जेवणानंतर हे कष्ट होतात, हे शरीराच्या लक्षात राहते आणि अन्नावरची वासनाच उडते.

ओळखावे कसे?

आम्लपित्तात सामान्यतः जळजळ होते, आंबट पाणी वर येते आणि औषधाने आराम पडतो. वजन वाढत नाही. हृदयामुळे होणाऱ्या तक्रारीत पोटाच्या लक्षणांबरोबर इतर खुणा सापडतात, परंतु विचारल्याशिवाय रुग्ण त्या सांगत नाही. कारण त्याच्या लेखी पाय आणि श्वास यांचा पोटाशी संबंध नसतो. म्हणून विचारावे : सपाट झोपल्यावर दम लागतो काय? उशा वाढवाव्या लागल्या काय? बूट-चपला बांधण्यासाठी वाकले की श्वास कोंडतो काय? रात्री लघवीला अधिक वेळा उठावे लागते काय? नडगीवर अंगठ्याने काही क्षण दाबल्यास खळगा राहतो काय? पूर्वी हृदयविकार, रक्तदाब किंवा लहानपणी सांधे सुजून आलेला ताप होता काय?

डॉक्टर रुग्णाला अर्धवट बसत्या स्थितीत ठेवून मानेवरील नीला पाहतात. त्या फुगलेल्या असतील, आणि पोटावर १०-१५ सेकंद सावकाश दाब दिल्यावर आणखी वर चढून तशाच राहत असतील, तर उजव्या बाजूचा दाब वाढल्याचा तो पुरावा असतो. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच इकोकार्डिओग्राफी, केल्यावर निदान पक्के होते. पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी जाता येते.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. लवकर पोट भरणे आणि पोट फुगणे ही लक्षणे यकृताचा जुनाट विकार, मूत्रपिंडाचा विकार, पोटाचा क्षय व जठराचा कर्करोग यांतही दिसतात. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिन या औषधाचे प्रमाण रक्तात वाढले तरीही भूक जाते आणि मळमळते. म्हणून लक्षणांवरून घरी निष्कर्ष काढू नये, तसेच औषध आपल्या मनाने बंदही करू नये.

गोळी घेऊनही गुण का येत नाही?

अशा रुग्णांना लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढणारे औषध दिले जाते. फ्युरोसेमाइड हे त्यांतील परिचित नाव होय. येथे एक अडचण उद्‌भवते. गोळी शोषली जाते ती सुजलेल्या आतड्यातूनच. औषध रक्तात फार हळूहळू उतरते आणि परिणामकारक पातळी गाठत नाही. "गोळी घेतो, पण लघवी होत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते. तेव्हा डॉक्टर काही दिवस तेच औषध शिरेतून देतात. आतड्याची सूज उतरली की गोळीही पुन्हा लागू पडते.

उदाहरणातील गृहस्थांना हा उपचार मिळाला, असे मानू. आठ दिवसांत वजन ६२ वरून ५५.५ किलोंवर येते, पोट मऊ होते आणि भुकेसाठी वेगळे औषध न देता भूक परतते. परंतु मूळचे वजन ५८ होते. म्हणजे पाण्याच्या आवरणाखाली सुमारे अडीच किलो मांस झडलेले होते आणि काटा ते लपवीत होता. भूक नसण्याच्या दोन महिन्यांचे खरे मोल हे होय. ते भरून काढण्यासाठी एकदम भरपेट जेवण उपयोगी नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, डाळ, दूध, अंडी असा पोषक आहार घ्यावा लागतो.

एकादशीचे मीठ

उपवास म्हणजे पोटाला विश्रांती अशी समजूत आहे. परंतु खारे शेंगदाणे, बटाट्याचा चिवडा, उपवासाचे पापड यांतून त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक मीठ पोटात जाऊ शकते. उपवासाला चालणारे सैंधव आरोग्याला निरुपद्रवी असते, असेही अनेकांना वाटते. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने हृदयरुग्णाच्या शरीरात ते साध्या मिठासारखेच पाणी धरून ठेवते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही औषधांबरोबर ते घातक ठरू शकते. तेव्हा ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. उपवासाच्या दिवशी गोळ्या वगळणे ही आणखी एक चूक आहे.

अशा रुग्णाने रोज सकाळी लघवीस जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून ते वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसली, तर पोट फुगण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गावात वजनकाटा शाळेत असतो आणि अंगणवाडीतही असतो. भूक नाही म्हणणारा वृद्ध त्या काट्यावर जड भरला, तर पुढचा प्रश्न त्याच्या पोटाविषयी न विचारता हृदयाविषयी विचारला पाहिजे.