शिरोबिंदू आणि चंद्रबिंदू

मुलांनो, हे वाक्य वाचा :

'मारुंजीतील सर्व शेतकऱ्यानी बँकेसमोर आनन्दाने ईदचा चाँद पाहिला.'

यात चुका दोनच आहेत. 'सर्व' म्हटल्यावर शेतकरी अनेक झाले. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागताना प्रत्ययाआधी शिरोबिंदू देतात : शेतकऱ्यांनी. 'चाँद' हे हिंदी लेखन आहे. मराठीत नुसता बिंदू द्यावा : चांद.

मग 'बँक' बरोबर कसे? तेथील चंद्रकोर 'बॅट'मधल्या 'ॲ' उच्चाराची आहे आणि बिंदू नाकातल्या उच्चाराचा आहे.

'आनन्द' ही चूक नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत असे लेखन १९६२ च्या नियमांनुसार चालते. मात्र 'आनंद' अधिक रूढ आहे.

स्वाध्याय : अर्थातील फरक सांगा.
घरात – घरांत