तीन महिन्यांचे पैसे आधी घेताय? मग परतीचा हिशोब आधी ठरवा

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "सर, तिमाही पॅकेज सुरू केलं, गिऱ्हाईक मध्येच सोडून गेलं तर पैसे किती परत द्यायचे?" आज हेच एका उदाहरणातून बघू.

चाकणला मेदनकरवाडीत एक ताई कंपनीतल्या पोरांना डबा देतात. 2020 साली त्यांचा दर डब्याला 50 रुपये होता. दिवसाला दोन डबे म्हणजे महिन्याचे 3,000. अडचण नेहमीची. पगार 7 ते 10 तारखेला, काहींचा त्याहून उशिरा, आणि किराणावाल्याला पैसे 1 तारखेला हवेत. मग तेल-तांदूळ उधारीवर आणि महाग.

त्यांनी पॅकेज काढलं. तीन महिन्यांचे 180 डबे, डब्यामागे 3 रुपये कमी. म्हणजे 9,000 ऐवजी 8,460.

आता 3 रुपयेच का? भाजी, गॅस, मदतनीस धरून डबा त्यांना 38 रुपयांना पडायचा. म्हणजे नफा 12 रुपये. त्यातले 3 दिले तर पाव नफा गेला, पण रोखीच्या खरेदीत त्यातला बराचसा परत मिळाला. दहा टक्के सूट दिली असती तर 5 रुपये, म्हणजे जवळपास निम्मा नफा. म्हणून सूट विक्रीच्या दरावर नाही, नफ्यावर मोजा.

1 मार्चला 20 पोरांनी पैसे भरले. हातात 1,69,200 आले. ताईंनी त्यातून डीप फ्रीझर घेतला, नव्या खोलीचं डिपॉझिट भरलं. 20 तारखेनंतर पोरं गावाकडे निघाली आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. मग फोन सुरू झाले: "ताई, उरलेले पैसे पाठवा ना."

हिशोब सरळ होता. प्रत्येकाचे 40 डबे झाले होते. 47 च्या दराने 1,880. परत द्यायचे 6,580, वीस जणांचे 1,31,600. शिल्लक होते साधारण 35,000. बाकीचे फेडायला ताईंना वर्ष लागलं.

चूक पॅकेजमध्ये नव्हती. ॲडव्हान्स म्हणजे आपली कमाई, हे समजण्यात होती. डबा पोचेपर्यंत ते पैसे गिऱ्हाइकाचेच असतात.

आता ताई काय करतात बघा. ॲडव्हान्स वेगळ्या बचत खात्यात जातो. दर दहा दिवसांचं सामान भरताना तेवढ्याच दिवसांचे पैसे काढायचे. वरच्या आकड्यांत 20 जणांचे दहा दिवसांचे 18,800. असे नऊ हप्ते झाले की 1,69,200 पूर्ण. मध्ये कधीही काम थांबलं तरी परत द्यायची रक्कम जवळपास खात्यातच असते. खातं हिशोबापेक्षा कमी दिसलं, तर समजा की उद्याच्या डब्याचे पैसे आज खर्च झाले.

काम कुणामुळे थांबलं?

परतीचा दर यावर ठरतो.

आपण थांबलो, म्हणजे आजारपण, गॅस नाही, बंद, तर झालेले डबे सवलतीच्या 47 ने मोजा. गिऱ्हाइकाची चूक नाही, त्याची सूट काढू नका.

गिऱ्हाईक स्वतः सोडून गेलं तर झालेले डबे नेहमीच्या 50 ने मोजा, कारण सूट पूर्ण तिमाहीसाठी होती. 40 डब्यांचे 2,000, परत 6,460. फरक फक्त 120 रुपयांचा आहे, पण तो आधी सांगितला नसेल तर भांडण 120 रुपयांवरूनच होतं.

तिसरा प्रकार आपल्या पट्ट्यात नेहमीचा: कंपनीचा ब्लॉक क्लोजर. पोरगा आठ दिवस गावी जातो आणि परत येतो. इथे पैसे परत नाही, दिवस पुढे ढकला. अट एकच, आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं.

हे पैसे घेण्याआधीच व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि समोरून "ओके" आल्यावरच पैसे घ्या:

*"180 डबे, 8,460 रु. आम्ही बंद केल्यास झालेले डबे 47 रु. दराने, तुम्ही सोडल्यास 50 रु. दराने वजा. बाकी रक्कम 7 दिवसांत परत. सुट्टी आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत कळवल्यास तेवढे दिवस पुढे मिळतील, जास्तीत जास्त 15."*

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर कर पैसे मिळतात तेव्हाच लागू होतो, आणि परत देताना रिफंड व्हाउचर करावं लागतं. अकाउंटंटशी आधी बोला. आणि सगळ्यांना पॅकेज देऊ नका. ज्याचं कंत्राट महिन्याभरात संपणार आहे, त्याला महिन्याचाच डबा बरा.

आज एवढंच करा: तुमच्या एका नगाचा खरा खर्च आणि नफा वहीत लिहा. सूट किती द्यायची, ते त्या आकड्यावरूनच ठरेल.