श्रवणयंत्राची शिट्टी

आमच्या वर्गातील एका मुलाच्या श्रवणयंत्रातून तास चालू असताना बारीक शिट्टी वाजत असे. मुले हसत. म्हणून त्याने आवाजाची चकती तीनवरून दोनवर आणली. शिट्टी थांबली, पण पुढे त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत 'स' आणि 'श' गळू लागले. यंत्र गप्प झाले, त्याबरोबर धडाही गप्प झाला होता.

ही शिट्टी का वाजते? यंत्राने मोठा केलेला आवाज कानात न राहता बाहेर निसटतो, यंत्राच्या मायक्रोफोनात शिरतो व पुन्हा मोठा होतो. हे चक्र फिरत राहिले की शिट्टी होते. म्हणून आवाज कमी करणे हा उपाय नव्हे. गळती शोधली पाहिजे.

ती शोधण्याची रीत सोपी आहे. कानामागचे यंत्र चालू ठेवून मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बाहेर काढावा. हातात धरताच यंत्र शिट्टी वाजवील. त्यात दोष नाही. आता मोल्डचे कानात जाणारे भोक अंगठ्याने घट्ट दाबावे. हवेसाठी दुसरे बारीक छिद्र असल्यास तेही झाकावे. शिट्टी थांबली, तर गळती कान व मोल्ड यांच्यामध्ये आहे: मोल्ड नीट बसला नाही, सैल झाला किंवा कानात मळ साचला. न थांबल्यास नळी हूकपासून अलग करून हूकचे तोंड बोटाने बंद करावे. आता थांबली, तर दोष नळीत किंवा मोल्डमध्ये समजावा. तरीही वाजत राहिली, तर हूक किंवा यंत्र तंत्रज्ञाकडे न्यावे.

आम्ही मधल्या सुट्टीत हे करून पाहिले. अंगठा दाबूनही शिट्टी चालूच राहिली. हूक बंद करताच थांबली. नळी पिवळी व ताठ झाली होती. ती वाकवताच मोल्डजवळ केसासारखी चीर दिसली. चिकटपट्टी किंवा घरचा गोंद तेथे टिकत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी नळी बदलावीच लागते. मुलाच्या वडिलांनी ती केंद्रात बदलून आणली.

आता शिट्टी फक्त डबा खाताना वाजू लागली. अंगठ्याची परीक्षा पुन्हा केली. या वेळी शिट्टी थांबली. कानात मळ नसल्याचे डॉक्टरांनी पाहिले. मोल्ड दीड वर्षाचा होता आणि मुलाचा कान तेवढ्या काळात वाढला होता. चावताना जबडा हले, तशी फट उघडे. कानाचे नवे माप घेऊन दुसरा मोल्ड केला, तेव्हा चकती पुन्हा तीनवर गेली.

सुरतेच्या पावसाळी दमट हवेत नळीत पाण्याचे थेंबही साचतात व आवाज तुटक येतो. अशा वेळी मोल्ड यंत्रापासून अलग करून रबरी फुग्याच्या पिचकारीने नळीत हवा मारावी. यंत्रात मात्र कधीही मारू नये.

त्या मुलाच्या वहीत आता 'स' आणि 'श' आपापल्या जागी परतले आहेत.