आधी चिन्ह, मग तारीख

कोल्हापूर

चि. भाच्यास,


शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर मार्चअखेरीचा बँक ताळमेळ करताना एकही ओळ जुळत नाही, असं तू कळवलंस. रकमा खऱ्या असूनही असं होतं. त्याची कारणं दोन आहेत, ती एकदम सोडवू नकोस.

आधी चिन्ह बघ. आपल्या वहीत बँक हे येणं, म्हणून भरलेले पैसे बँक खात्याला नावे पडतात. तेच पैसे बँकेसाठी देणं असतात, म्हणून स्टेटमेंटवर ते जमा दिसतात. दोन्ही याद्या तशाच शेजारी ठेवल्यास एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे येतं. म्हणून एक नवा रकाना कर. वहीच्या यादीत नावेतून जमा वजा कर, स्टेटमेंटच्या यादीत जमेतून नावे. मग दोन्हीकडे आलेला पैसा अधिक आणि गेलेला उणे होईल. यानंतरही बाकीत ३६,८०० चा फरक उरला, तर १८,४०० ची नोंद शोध. एखादी नोंद उलट्या चिन्हाने पडली की फरक तिच्या दुप्पट येतो.

आता तारीख. समज, ३१ मार्चला वहीत बाकी २,४०,००० आहे. शेतकऱ्याच्या पट्टीचा ३५,००० चा चेक तू २९ मार्चला दिलास, त्याने तो अजून भरलेला नाही, म्हणून ते पैसे बँकेत अजून आहेत. व्यापाऱ्याचा ४५,००० चा चेक तू ३१ तारखेला संध्याकाळी भरलास. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँक ग्राहकांना बंद, म्हणून तो २ तारखेला जमा झाला. बँकेने ५०० शुल्क कापलं, ते वहीत नाही. वहीच्या बाकीत ३५,००० मिळव, ४५,००० आणि ५०० वजा कर. २,२९,५०० येतात आणि स्टेटमेंटही तेच दाखवतं. यात वहीत नवी नोंद फक्त ५०० ची करायची.

जुळवणीसाठी वहीतली तारीख बदलू नकोस. टॅलीत ताळमेळाच्या पडद्यावर बँकेच्या तारखेचा वेगळा रकाना असतो, बँकेची तारीख तिथेच भर. एक्सेलमध्ये काही दिवसांची सूट देऊन शोधणार असशील, तर आधी चेक क्रमांक किंवा यूटीआर क्रमांक जुळव. नुसत्या रकमेवर जाऊ नकोस. दोन शेतकऱ्यांना एकाच आठवड्यात ५०,००० दिलेले असले, तर एकाचा चेक दुसऱ्याच्या नावावर जुळेल, बाकी बरोबर येईल आणि चूक दिसणारच नाही.

न वटलेल्या चेकची यादी दर महिन्याला पुढे ओढ. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. तो ३५,००० चा चेक जून सुरू झाला तरी आला नसेल, तर त्या शेतकऱ्याला स्वतः फोन कर. पैसे त्याचे आहेत.

तुझा,
मामा