नव्या सुनेचा पहिला नमस्कार

माप ओलांडून घरात आलेली सून सासरच्या मंडळींना रीतसर नमस्कार करते तो बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, सत्यनारायणाच्या पूजेची गडबड सुरू होण्याआधी. स्नान, कुंकू, देवाला आणि तुळशीला नमस्कार, मग वडीलधारी माणसे, असा साधारण क्रम असतो. घराघरांत त्यात फरक पडतो. साताऱ्याकडच्या एका मोठ्या घरात नातीचे लग्न ठरले होते. घरात आजेसासू, सासू-सासरे, चुलत सासू-सासरे, थोरले दीर आणि जाऊ, धाकटा दीर आणि तीन मुले. तिथला हा क्रम आत्याआजी नातीला समजावत होत्या.

“देवानंतर आधी आजेसासू,” आत्याआजी म्हणाल्या. “त्या विधवा आहेत म्हणून कोणी ‘नंतर कर’ असं सुचवेल. ऐकायचं नाही. घरात वयानं मोठं तेच माणूस आहे.”

“पण कोणी राहूनच गेलं तर?”

“सांगते. मग सासू-सासरे. ते जवळ उभे असतील तर दोघांना जोडीनं. नवरा बरोबर हवा, हे आधीच ठरवून ठेव. तो बाजूला वाकला की सगळ्यांची नजर एकटीवर राहत नाही. आमच्या वेळी नवरा ओसरीवर पेपर वाचत बसायचा आणि आम्ही एकट्या घरभर वाकत फिरायचो. चहासुद्धा त्यानंतर! आता त्या जागी तो शूटिंगवाला. ‘ताई, परत एकदा वाका,’ म्हणे. नमस्कार काय परत परत करायची गोष्ट आहे?”

नातीने शूटिंगवाल्याचा विषय वाढू दिला नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यायचा, गुडघे टेकून वाकायचे, म्हणजे साडी पायात येत नाही, हेही तिने चटकन मान्य केले. तिचा प्रश्न एकच होता. “आत्याआजी, अकरा माणसांत एखादं राहिलं, तर ते मनात धरतील ना?”

“एवढी माणसं पाठ करायची तुला कोण सांगतंय? ते जावेचं काम. तिनं अर्धं पाऊल पुढे राहायचं आणि ‘काका, ही नमस्कार करतेय’ असं मोठ्यानं म्हणायचं. एवढ्यात तुला नातं कळतं, त्यांना तू आल्याचं कळतं. ज्या घरात हे कोणी करत नाही, तिथं सून दारात घुटमळते आणि लोक म्हणतात, शिष्ट आहे.”

जाऊ स्वतःहून पुढे आली नाही तर काय, हेही नातीने विचारले. त्यावर आत्याआजींचे उत्तर सरळ होते: आदल्या रात्रीच तिला विचारायचे, “सकाळी किती वाजता उठू आणि तुम्ही माझ्याबरोबर याल का?” त्याच वेळी न्हाणीघर कुठे, आधी कोण आंघोळ करते, सासूला काय म्हणून हाक मारायची, हेही विचारून घ्यावे. पाठराखीण बरोबर असेल तर तिला पुढे करता येते. नव्या मुलीने विचारलेले कोणाला खटकत नाही. तिने न विचारता ताटकळत बसणेच अवघड होते.

आजेसासूंचा गुडघा दुखतो, त्या अंथरुणावरच असतात, असे नातीने सांगितले. झोपलेल्या माणसाला वाकून नमस्कार करत नाहीत, कारण ती रीत मृताला केलेल्या नमस्काराची आठवण करून देते. म्हणून जावेने त्यांना आधी उठवून, पाठीला उशी देऊन बसवावे. बसणे जमतच नसेल तर सुनेने जवळ जाऊन हात हातात घ्यावा. सासरे पूजेत असतील, चुलत सासरे आंघोळीला गेले असतील, तर त्यांचा नमस्कार नंतर होतो.

“म्हणजे राहिलंच की!”

“राहिलं नाही, लांबलं. दिसतील तेव्हा करायचा. चहा देताना, जेवणाआधी, कधीही. ‘सकाळी राहून गेला’ असं म्हणून सफाई द्यायची नाही. त्यानं नसलेली चूक लोकांच्या लक्षात येते.”

एक गोष्ट मुलींना सहसा आधी सांगितली जात नाही: त्या सकाळी नमस्कार तिलाही होतात. धाकटा दीर आणि मुले नव्या वहिनीच्या, काकूच्या पाया पडतात, आणि ती गोंधळून पाय मागे घेते. “मागे घ्यायचे नाहीत,” आत्याआजींनी बजावले. “डोक्यावर हात ठेवायचा, ‘सुखी राहा’ म्हणायचं. मुलांसाठी पिशवीत बत्तासे, चॉकलेटं काही तरी ठेव. ती मग दिवसभर तुझ्याभोवती राहतील आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते तुला विचारावं लागणार नाही.”

सगळे नमस्कार आटोपल्यावर सासूने सुनेला लगेच कामाला लावू नये, शेजारी बसवून चहा द्यावा. आत्याआजींच्या मते हे सुनेला शिकवायचे नव्हेच, त्यामुळे ते सांगायला त्या विहीणबाईंना फोन लावणार होत्या.