सादरीकरणातून अहवाल : मुद्द्यांमधले गाळलेले दुवे

सादरीकरणातला मुद्दा अपुरा असतो, कारण उरलेला भाग वक्ता तोंडी सांगतो. अहवालाच्या वाचकासमोर वक्ता नसतो. त्यामुळे मुद्द्यांना क्रियापदे जोडल्याने अहवाल तयार होत नाही. मुद्द्यांमधला संबंधही लिहावा लागतो.

एका वाचनालयाचे कल्पित उदाहरण घेऊ. ‘सद्यःस्थिती’ या स्लाइडवर चार मुद्दे आहेत :

• सभासद ४१० वरून ३२८
• वेळ : सकाळी १० ते सायंकाळी ५
• बालविभाग बंद
• रात्री ८ पर्यंत सुरू ठेवणे

‘ठेवणे’ या रूपात कर्ता नाही, काळही नाही. ठेवले, ठेवणार की ठेवावे? पहिल्या मुद्द्यात कालावधी नाही. मधले दोन मुद्दे घटीची कारणे आहेत की केवळ शेजारी बसले आहेत, हेही कळत नाही. म्हणून लेखनापूर्वी सादरकर्त्याला तीन प्रश्न विचारावेत : केव्हा? कोणी? कशावरून? उत्तरे मिळाल्यावर मजकूर असा होईल :

३.१ सभासदसंख्येतील घट
मार्च २०२२ मध्ये वाचनालयाचे ४१० सभासद होते. मार्च २०२४ मध्ये ही संख्या ३२८ झाली. म्हणजे दोन वर्षांत ती २० टक्क्यांनी घटली.

३.२ घटीची कारणे
जून २०२२ मध्ये बालविभाग बंद झाला. त्यानंतर बालसभासद ९० वरून ३३ वर आले. एकूण ८२ च्या घटीपैकी ५७ ची घट या एकाच गटात झाली असल्याने विभाग बंद होणे हे मुख्य कारण दिसते. वाचनालय सायंकाळी ५ वाजता बंद होते, अशी नोकरदार सभासदांची तक्रार आहे. मात्र त्यामुळे किती जणांनी सभासदत्व सोडले, याची नोंद नाही.

३.३ शिफारस
म्हणून कार्यकारी मंडळाने प्रथम बालविभाग पुन्हा सुरू करावा. वाढीव वेळेचा प्रयोग सहा महिने करून उपस्थितीची नोंद ठेवावी.

स्लाइडवरची एकमेव शिफारस वेळेबाबत होती आणि मुख्य कारण दुसरेच निघाले. ‘म्हणून’ लिहायची वेळ आली तेव्हा ही विसंगती उघड झाली. अशा वेळी शिफारस परस्पर बदलू नये. सादरकर्त्याची संमती घेऊनच बदल करावा.

एका स्लाइडचे येथे तीन विभाग झाले. कधी तीन स्लाइडींचा एकच होईल. क्रमांक स्लाइडला नव्हे, विधानाच्या टप्प्याला द्यावा. ‘सद्यःस्थिती’सारखे सर्वसमावेशक शीर्षकही येथे टिकत नाही, कारण त्याखाली काय सिद्ध करायचे आहे, हे ते सांगत नाही.

शेवटी परिच्छेदातील दोन वाक्यांची अदलाबदल करून पाहावी. अर्थ बिघडला नाही, तर मुद्दे अजून सुटेच आहेत आणि केवळ पूर्णविरामांनी जोडलेले आहेत. खरेदीच्या वस्तू किंवा जोडलेली कागदपत्रे मात्र स्वभावतःच सुटी असतात. त्यांची यादीच ठेवावी.