फोटोतला पूर्णांक

अपूर्णांकांचा गृहपाठ फोटोतून आला, तर तो लगेच सोडवायला घेऊ नये. आधी नीट वाचावा. मराठीचा धडा पुसट आला तरी चालून जातं, शब्द अर्धा दिसला तरी बाकीचा आपण मनाने भरून काढतो. अपूर्णांकात ती सोय नाही. एक आडवी रेघ गेली किंवा डावीकडचा एक आकडा कापला गेला, की भलतंच गणित समोर येतं. आणि ते चुकीचं दिसतही नाही, यातच खरी पंचाईत आहे.

आमच्या अनसिंगात सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुलगा-सून अंधार पडल्यावरच घरी येतात. नात सहावीत आहे. तापाने तिची शाळा बुडाली होती, म्हणून मैत्रिणीच्या आईने वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. घरात मी आणि ती, दोघीच.

“आजी, हे पाय बरं. हे वजाच होत नाई.”

फोटोत दिसत होतं ते असं: ३/४ मधून १ पूर्णांक १/२ वजा करा. म्हणजे पाऊणमधून दीड. तिने छेद सारखे केले, ३/४ आणि ६/४ असं मांडलं, आणि तीनमधून सहा कसे काढायचे म्हणून पेन्सिल चावत बसली. पुन्हा मांडलं, पुन्हा तिथेच अडली.

अंश, छेद, समच्छेद ही तिची भाषा, माझी नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण १९५७ साली रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तरी माझ्या वडिलांचा हिशेब पुढे कितीतरी वर्षं आण्यांतच चाले. त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ झालेली. पाच पाऊण पावणेचार हे मला मांडून बघावं लागत नाही. म्हणून मी म्हटलं, “घरात पाऊण पायली ज्वारी असली तर दीड पायली कोणाले कशी देशीन वं? तुमचे सर तसं गणित घालतीन का?”

मग फोटो मोठा करून पाहिला. वही मधोमध जिथे शिवलेली असते तिथे पान वाकलं होतं आणि तिथे सावली पडली होती. त्या सावलीत ३/४ च्या डावीकडे एक आकडा अर्धवट दिसत होता. तो २ होता. खरं गणित २ पूर्णांक ३/४ वजा १ पूर्णांक १/२ असं होतं. पावणेतीनातून दीड गेले, सव्वा राहिले. नातीने रीतीने केलं: ११/४ वजा ६/४, उरले ५/४, म्हणजे १ पूर्णांक १/४. सव्वाच.

तेव्हापासून मी तिला प्रत्येक गणित सोडवण्याआधी मापाने वाचायला लावते. एकापेक्षा जास्त आहे का कमी, अर्ध्याच्या अलीकडे का पलीकडे, आणि उत्तर अंदाजे कुठे यायला हवं. सहावीच्या अपूर्णांकांच्या गृहपाठात वजाबाकी उणे जात असेल, तर पहिला संशय फोटोवर घ्यावा.

दुसरं गणित फोटोत स्वच्छ होतं, ३/४ अधिक २/५. तिने वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली, आणि उत्तर लिहिलं ५/९. आता पंचमांशाला आपल्या बोलण्यात पाव-पाऊणसारखं नाव नाही, माझी पाऊणकी तिथे संपली. पण आमच्याकडे एकर आहे, आणि एकराचे चाळीस गुंठे असतात. चाळीसला चारानेही भाग जातो, पाचानेही. पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे. एकराचा एक पंचमांश ८ गुंठे, तर दोन पंचमांश १६. मिळून ४६ गुंठे, म्हणजे एक एकर सहा गुंठे.

“आणि तुह्ये पाच नवमांश म्हणजे किती?” मी विचारलं. तिने चाळीसला नवाने भागून पाचाने गुणलं. बावीस गुंठ्यांच्या थोडं वर आलं.

“तीस गुंठे होते, त्यात सोळा घातले, अन् शेत बावीस गुंठ्यांवर आलं? तलाठ्याकडं जा वं आता.”

ती खूप हसली, पण पुढे स्वतःच म्हणाली की चार आणि पाच या दोघांनाही चालणारा छेद वीस. १५/२० अधिक ८/२०, झाले २३/२०, म्हणजे १ पूर्णांक ३/२०. चाळीस गुंठ्यांच्या विसाव्या भागाचे दोन गुंठे, तिनाचे सहा. जुळलं. बेरजेचं उत्तर मिळवलेल्या आकड्यांपैकी एकापेक्षाही लहान आलं तर बहुधा अंश आणि छेद वेगवेगळे मिळवले गेले आहेत, हे पोराला न रागावता असं दाखवता येतं.

तिसऱ्या गणिताने मात्र मापाची युक्तीही हरवली. फोटोत १५/८ दिसत होतं. ते खरंच पंधरा छेद आठ, की १ पूर्णांक ५/८? पहिलं म्हणजे पावणेदोनपेक्षा थोडं जास्त, दुसरं म्हणजे दीडपेक्षा थोडं जास्त. दोन्ही पटण्याजोगे, दोघांत फरक फक्त पाव. अशा वेळी आकड्याची जागा पाहावी. पूर्णांक रेघेच्या बरोबरीने, मधल्या उंचीवर असतो आणि सहसा थोडा मोठा काढलेला असतो. अंशातला आकडा पूर्णपणे रेघेच्या वर बसतो आणि रेघ त्याच्याही खालून जाते. पण आखीव वहीत पोरं अपूर्णांकाची रेघ वहीच्याच छापील ओळीवर ओढतात. मग ती रेघ कुठे सुरू होते तेच फोटोत कळत नाही. आमच्या पानावर तसंच झालं होतं. अंदाज बांधत बसण्यात अर्थ नव्हता, मी नातीच्या मैत्रिणीच्या आईला फोन लावला. “एक पूर्णांक पाच छेद आठ,” त्यांनी वाचून दाखवलं.

आता आम्ही फोटोसोबत गणितं वाचून त्याचा आवाजी मेसेज मागतो. दोन पूर्णांक तीन छेद चार, असं तोंडाने म्हटलं की आकडा गळत नाही. फोटो काढणाऱ्यालाही सांगतो की वही पूर्ण उघडून शिवणीवर तळहात दाबून धरा, फोन पानाच्या बरोबर वर ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या म्हणजे फोनचीच सावली पडणार नाही, आणि दोन पानांचे दोन फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो दाबला जात नाही आणि मोठा करून पाहिल्यावर बारीक रेघाही टिकतात.

गुंठ्यांनाही मर्यादा आहे. तृतीयांश आला की चाळीस गुंठे साथ सोडतात, एकराचा तिसरा भाग १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश असा तुटतो. तिथे मी तासाची साठ मिनिटं घेते, त्यांना दोन, तीन, चार, पाच, सहा सगळ्यांनी भाग जातो. पानावरच्या शेवटच्या गणितात २/३ सोबत १/७ होतं. मला घरातलं कुठलंच माप सुचलं नाही. नातीनेच सातचा पाढा म्हटला, एकवीसवर थांबली आणि १४/२१ अधिक ३/२१ लिहून १७/२१ काढलं. मी फक्त एवढंच पाहिलं, की उत्तर दोन तृतीयांशांपेक्षा मोठं आणि एकापेक्षा लहान आहे.